‘इस्लामिक अकाउंट’ आणि साठ सेकंदांचा सौदा



भिवंडीच्या एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्यांचा मुलगा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि चार महिन्यांपासून मोबाइलवर ‘ट्रेडिंग’ करतो. आईने हटकले तेव्हा त्याने दोन उत्तरे दिली. पहिले, हा शेअर बाजारासारखाच व्यवहार आहे. दुसरे, ॲपमध्ये आपण ‘इस्लामिक अकाउंट’ घेतले आहे, त्यात व्याज नाही, म्हणजे हरकत नाही. आईला दोन्ही उत्तरे पटली नाहीत, पण का पटली नाहीत ते मुलाला सांगता येईना. त्यांनी ॲपच्या पडद्याचा फोटोही पाठवला आहे. वर सोन्याच्या भावाची नागमोडी रेघ, खाली एक हिरवे आणि एक लाल बटण, आणि कोपऱ्यात साठ सेकंद उलटे मोजणारे घड्याळ.

या सौद्याला बायनरी ऑप्शन म्हणतात. याच जातीच्या सौद्यांना बँकांच्या भाषेत डिजिटल ऑप्शन असेही नाव आहे. आईच्या मनातली शंका शब्दांत मांडायची तर आधी ऑप्शन म्हणजे काय ते पाहावे लागेल. ते अवघड नाही, कारण त्याच्या जवळपासची एक गोष्ट आपल्या सगळ्यांच्या घरात होऊन गेलेली असते. ती म्हणजे बयाणा.

समजा तुम्ही वीस लाखांचे घर ठरवले, पन्नास हजार बयाणा दिला आणि तीन महिन्यांची मुदत घेतली. आता त्या तीन महिन्यांत ते घर वीस लाखांना घेण्याचा हक्क तुमच्याकडे आहे. बाजारभाव बावीस लाख झाला तरी तुम्हाला वीसलाच मिळणार. नाही घेतले तर बयाणा गेला. ऑप्शनही असाच, पुढच्या तारखेला ठरलेल्या भावाने घेण्याचा किंवा विकण्याचा हक्क असतो. फरक इतकाच की बयाण्याची रक्कम घराच्या किमतीतून वजा होते. ऑप्शनसाठी दिलेली रक्कम, जिला प्रीमियम म्हणतात, ती काहीही झाले तरी परत येत नाही.

हे कशाला लागते? रत्नागिरीचा एक आंबा पल्पवाला घ्या. त्याला तीन महिन्यांनी परदेशातून पन्नास हजार डॉलर येणार आहेत. आज डॉलर ८५ रुपये आहे असे मानू. तीन महिन्यांत डॉलर घसरला तर त्याचे रुपये कमी होतील. म्हणून तो बँकेला प्रीमियम देऊन ८५ ने डॉलर विकण्याचा हक्क विकत घेतो. डॉलर ८२ झाला तर त्याला डॉलरमागे तीन रुपये, म्हणजे दीड लाख रुपये भरून मिळतात. डॉलर ८४ रुपये ९० पैसे झाला तर फक्त पाच हजार मिळतात. नुकसान जेवढे, भरपाई तेवढी. हा साधा ऑप्शन.

डिजिटल ऑप्शनमध्ये ही ‘जेवढे-तेवढे’ची सांगड तुटते. करार असा असतो: अमुक तारखेला अमुक वाजता डॉलर ८४ च्या खाली असेल तर एक लाख रुपये, नसेल तर काहीच नाही. मग डॉलर ८३ रुपये ९९ पैसे असो की ७५ रुपये, मिळणार एक लाखच. आणि ८४ रुपये १ पैसा असेल तर शून्य. दोन पैशांच्या फरकाने एक लाख इकडचे तिकडे होतात. शेवटच्या तासाला भाव त्या रेषेजवळ घुटमळू लागला की बँकेतल्या मुरलेल्या माणसांनाही हा सौदा सांभाळणे जड जाते. आणि भावाला दोन पैशांचा धक्का देण्याची ताकद ज्याच्या हातात असेल त्याला मोह होतो. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे ॲपकडे जाताना लागेल.

दुसरा प्रकार बॅरियर ऑप्शन. बॅरियर म्हणजे अडसर. मी त्याला उंबरठा म्हणते, कारण खरा प्रश्न भावाने तो ओलांडला का, हाच असतो. आपल्या पल्पवाल्याला बँक म्हणते, प्रीमियम महाग वाटतो ना? मग स्वस्तात देतो, पण एक अट. तीन महिन्यांत कधीही डॉलर ८७ ला शिवला तर करार त्या क्षणी संपला. पल्पवाला विचार करतो, डॉलर चढला तर मला फायदाच आहे, मग करार संपला तर बिघडले कुठे? बिघडते ते असे. पहिल्या महिन्यात डॉलर ८७ ला शिवून आला, करार मेला. तिसऱ्या महिन्यात डॉलर ८२ वर आला. ज्या दिवसासाठी छत्री घेतली होती त्याच दिवशी छत्री हातात नाही. म्हणजे डिजिटलमध्ये शेवटचा क्षण पाहतात, बॅरियरमध्ये भाव कुठून कुठे फिरून आला ती सगळी वाट पाहतात. याच्या उलट प्रकारही असतो: उंबरठ्याला शिवेपर्यंत करार झोपलेला असतो आणि शिवल्यावर जागा होतो.

हे सौदे भल्याभल्यांना उमगत नाहीत याचा दाखला आपल्याच देशात आहे. २००७-०८ च्या सुमारास तिरुपूरच्या होजियरी व्यापाऱ्यांसह अनेक निर्यातदारांनी बँकांकडून परकीय चलनाचे असे गुंतागुंतीचे करार घेतले. काहींचा संबंध तर त्यांचा धंदाच नसलेल्या स्विस फ्रँकशी होता. मार्च २००८ मध्ये डॉलर एका फ्रँकच्याही खाली घसरला आणि पुष्कळांना मोठा फटका बसला. प्रकरणे कोर्टात गेली. एप्रिल २०११ मध्ये रिझर्व्ह बँकेने १९ बँकांना दंड केला. असा करार त्या गिऱ्हाइकाला झेपणारा आणि योग्य आहे का हे पुरेसे न तपासणे हाही त्यांच्यावरचा एक ठपका होता. तिथे निदान विकणारी बँक होती, कागद होता, दाद मागायला कोर्ट होते.

आता भिवंडीच्या मुलाच्या मोबाइलकडे येऊ.

ॲपवर काय होते? मुलगा शंभर रुपये लावतो. साठ सेकंदांनी सोन्याचा भाव आत्तापेक्षा वर असेल की खाली, एवढेच सांगायचे. बरोबर आले तर शंभर परत आणि वर ऐंशी रुपये. चुकले तर शंभर गेले. काही ॲपवर ‘भाव अमुक रेषेला शिवेल’ किंवा ‘शिवणार नाही’ असाही खेळ असतो. तो उंबरठ्याचाच धाकटा भाऊ. नावे बँकेची, रूप बँकेचे. पण पल्पवाल्याकडे डॉलर येणार होते, घसरणीची भीती खरी होती. इथे मुलाकडे ना सोने आहे, ना त्याला सोने घ्यायचे आहे. तीन महिन्यांचे साठ सेकंद झाले आहेत. आणि शंभराला ऐंशी हा जो आकडा हिरव्या अक्षरांत चमकतो, त्यातच सगळे आले.

हिशेब करून पाहू. एका मिनिटात भाव वर जाईल की खाली, हे जवळजवळ नाणेफेकीसारखे असते. सोन्याचा भाव वर्षाकाठी का बदलतो याला कारणे आहेत, पण अकरा वाजून चार मिनिटांपासून अकरा वाजून पाच मिनिटांपर्यंत तो का हलला याला बहुतेक वेळा सांगण्यासारखे कारणच नसते. तेव्हा शंभर डावांत पन्नास बरोबर, पन्नास चूक धरू. पन्नास वेळा ऐंशी म्हणजे चार हजार आले. पन्नास वेळा शंभर म्हणजे पाच हजार गेले. एक हजाराची खोट. दर शंभर रुपयांच्या डावामागे सरासरी दहा रुपये ॲपच्या खिशात. तासाला पन्नास डाव खेळले तर तासाला पाचशे. पाच हजार भरून बसलेला मुलगा सरासरीने दहा तासांत रिकामा.

मुलगा म्हणेल, मी चार्ट अभ्यासतो, माझे पन्नासपेक्षा जास्त बरोबर येतात. ठीक. शंभरात त्रेपन्न बरोबर आणले असे समजू. आले ४,२४०, गेले ४,७००. अजून ४६० रुपयांची खोट. पंचावन्न बरोबर आणले तरी शंभर रुपयांची खोट. छप्पन्नाव्याला कुठे ऐंशी रुपये सुटतात. म्हणजे हुशार मुलगा, निम्म्याहून अधिक वेळा बरोबर ठरणारा मुलगासुद्धा हरतो. शाळेत पंचावन्न टक्क्यांना आपण पास म्हणतो. इथे पंचावन्न नापास.

यावर ॲपवाल्यांच्या व्हिडिओत एक तोडगा सांगतात. हरलात की पुढचा डाव वाढवा, एकदा जिंकलात की मागचे सगळे भरून निघते. ऐकायला बरोबर वाटते. पाच हजारांवर करून पाहा. पहिला डाव शंभरचा, हरला. मागचे शंभर भरून वर ऐंशी मिळवायचे तर पुढचा डाव २२५ चा लावावा लागतो. तोही हरला तर ५०६ चा. मग १,१३९ चा. मग २,५६३ चा. पाच वेळा ओळीने चुकले की ४,५३३ रुपये गेले, हातात ४६७ उरले, आणि सहावा डाव लावायला साडेपाच हजारांहून जास्त हवेत. आणि हे सगळे कशासाठी? ऐंशी रुपयांसाठी.

पाच वेळा ओळीने चुकणे फार क्वचित होत असेल, असे वाटते. इथेच फसगत आहे. दहावीच्या गणितात संभाव्यतेचा धडा आहे, तो शिकवताना मी एक गंमत करते. निम्म्या मुलांना नाणे शंभर वेळा उडवून छापा-काटा लिहायला सांगते, निम्म्यांना न उडवता मनानेच शंभर वेळा लिहायला सांगते. वह्या मिसळल्या तरी कोणती खरी ते बहुधा ओळखू येते. मनाने लिहिणारी मुले पाच वेळा ओळीने काटा लिहीतच नाहीत, त्यांना ते खोटे वाटते. खऱ्या नाण्यात मात्र शंभर वेळा उडवताना ओळीने पाच काटे निदान एकदा तरी येण्याची शक्यता सुमारे ऐंशी टक्के असते. म्हणजे तासाला पन्नास डावांच्या वेगाने ज्याला ‘क्वचित’ समजले ते दोन तासांतच गाठते. घरी दहा-बारा वर्षांचे मूल असेल तर हा प्रयोग आजच करून पाहा, पाऊण तास शांततेत जाईल ते वेगळेच.

आता समोर कोण आहे ते पाहू. शेअर बाजारात तुम्ही शेअर घेता तेव्हा कोणीतरी तिसरा माणूस तो विकत असतो आणि बाजार मध्ये उभा असतो. या बहुतेक ॲपमध्ये समोरचा पक्ष ॲप स्वतःच असतो. मुलाचे शंभर गेले म्हणजे ते ॲपला मिळाले. एवढेच असते तर तो नुसता महागडा जुगार म्हटला असता. पण पडद्यावरची रेघही ॲपच काढते. साठाव्या सेकंदाला भाव काय होता हे ठरवणारा आणि मुलगा हरल्यावर पैसे घेणारा एकच. मघाची दोन पैशांची गोष्ट आठवा. तिथे धक्का द्यायला अख्खा बाजार हलवावा लागतो. इथे स्वतःच्याच पडद्यावरचा शेवटचा आकडा किंचित सरकवला की काम भागते, आणि मुलाकडे ते सिद्ध करायला काहीच नसते. प्रत्येक ॲप तसे करते असे मी म्हणत नाही. तसे न करताही शंभरात दहा त्याचे आहेतच.

असे धंदे आतून कसे चालतात ते अमेरिकेतल्या एका खटल्यात उघड झाले. इस्रायलमध्ये युकॉम कम्युनिकेशन्स नावाची कंपनी होती. ती बायनरीबुक आणि बिगऑप्शन या दोन नावांसाठी गिऱ्हाइके सांभाळायची. फोनवर बोलणारे कर्मचारी खोटी नावे घेत, आपण कुठून बोलतो ते खोटे सांगत, आपले शिक्षण आणि अनुभव खोटा सांगत. तुमचा फायदा तोच आमचा फायदा, असे गिऱ्हाइकाला भासवत. प्रत्यक्षात गिऱ्हाईक हरले की कंपनी कमवायची. कंपनीची प्रमुख ली एल्बाझ हिला ऑगस्ट २०१९ मध्ये मेरीलँडच्या ज्युरीने दोषी ठरवले आणि डिसेंबरमध्ये न्यायालयाने २२ वर्षांची शिक्षा सुनावली. त्या खटल्यातली एक गोष्ट आपल्याला फार उपयोगाची आहे. गिऱ्हाइकाने पैसे काढू नयेत म्हणून वापरलेले एक हत्यार होते बोनस.

बोनस कसा अडकवतो? मुलाने पाच हजार भरले, ॲपने पाच हजार बोनस दिला. खात्यात दहा हजार दिसतात. खाली बारीक अक्षरांत अट असते की बोनसच्या अमुक पट रकमेचे डाव खेळल्याशिवाय पैसे काढता येणार नाहीत. समजा तीस पट. म्हणजे दीड लाख रुपयांचे डाव. दर शंभरामागे दहा जातात हे आपण पाहिले, तेव्हा दीड लाखांच्या डावांवर सरासरी पंधरा हजार जाणार. खात्यात आहेत दहा. अट पुरी होण्याआधीच खाते संपावे अशीच तिची रचना आहे.

या धंद्याचे मोठे केंद्र असलेल्या इस्रायलनेच ऑक्टोबर २०१७ मध्ये कायदा करून त्यावर बंदी घातली. युरोपीय संघात २ जुलै २०१८ पासून सामान्य गिऱ्हाइकांना हे विकायला मनाई झाली. ब्रिटनने २ एप्रिल २०१९ पासून कायमची बंदी केली. ऑस्ट्रेलियाच्या नियामकाने तपासले तेव्हा सुमारे ८० टक्के सामान्य गिऱ्हाइकांनी पैसे गमावलेले आढळले. तिथे ३ मे २०२१ पासून मनाई आहे. ब्रिटनची एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. ३ जानेवारी २०१८ पर्यंत तिथे या सौद्यांवर देखरेख कोणाची होती? आर्थिक नियामकाची नव्हे, जुगार आयोगाची. घोड्यांच्या शर्यती आणि कॅसिनो ज्याच्याकडे, त्याच्याकडेच हेही होते.

आता ‘इस्लामिक अकाउंट’कडे वळू. मी आलिमा नाही. मसला विचारायचा तर आपल्या भागातल्या मुफ्ती साहेबांनाच विचारा. पण विचारताना व्यवहार नीट मांडता यावा म्हणून सांगते. परकीय चलनाच्या नेहमीच्या सौद्यात रात्रभर सौदा उघडा ठेवला तर त्यावर व्याजासारखी आकारणी लागते, तिला स्वॅप म्हणतात. मुस्लिम गिऱ्हाइकांसाठी ती आकारणी काढून टाकलेले खाते म्हणजे इस्लामिक अकाउंट. साठ सेकंदांच्या सौद्यात रात्र येतेच कुठे? जे व्याज मुळात लागणारच नव्हते ते माफ केल्याची ही पाटी आहे. कोणी हॉटेलवाल्याने चहावर ‘हलाल मांस’ अशी चिठ्ठी चिकटवावी तसे हे आहे.

आणि प्रश्न व्याजाचा नाहीच. सूरह अल-माइदाच्या ९० व्या आयतीत दारूबरोबर ज्याची मनाई आली आहे तो मैसिर, म्हणजे जुगार, इथला प्रश्न आहे. मुलगा शंभर लावतो, ॲप ऐंशी लावते, मिनिटाभरात दैव ज्याच्या बाजूने त्याचे पैसे. माल बदलला नाही, सेवा मिळाली नाही, कोणाचा धोका कमी झाला नाही. एकाचे जितके आले तितकेच दुसऱ्याचे गेले. रिबा नसला की व्यवहार आपोआप हलाल झाला, असे आपल्याकडच्या शिकलेल्या मुलांनाही वाटते, आणि ॲपवाल्यांनी नेमके तेच हेरले आहे.

इथे एक बारकावाही सांगायला हवा. इस्लामी सहकार्य संघटनेच्या फिकह अकादमीने १९९२ मध्ये जेद्दाहच्या सातव्या अधिवेशनात बाजारात चालणाऱ्या ऑप्शनच्या करारांविषयी ठराव केला. नुसता हक्क ही अशी वस्तूच नाही जिचा मोबदला घ्यावा, असे म्हणून ते करार जायज नसल्याचे त्यात सांगितले आहे. म्हणजे पल्पवाल्याच्या गरजेच्या ऑप्शनवरही उलमांचा आक्षेप आहे. जिथे खरी गरज आहे तिथेही हात आखडता घेतला, तिथे मिनिटाच्या डावाला कोणी सवलत शोधावी हे मला समजत नाही.

कायद्याचे काय? परकीय चलनाचे सौदे भारतात राहणाऱ्यांना फेमा या १९९९ च्या कायद्यानुसार अधिकृत संस्थांमार्फत आणि परवानगी असलेल्या कारणांसाठीच करता येतात. ७ सप्टेंबर २०२२ रोजी रिझर्व्ह बँकेने अशी परवानगी नसलेल्या ३४ ॲप आणि संकेतस्थळांची सावधगिरीची यादी जाहीर केली. बिनोमो, आयक्यू ऑप्शन, ऑलिम्प ट्रेड ही नावे त्यात होती. नंतर यादीत आणखी भर पडली. यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर पाहता येते. नाव यादीत नाही म्हणजे परवानगी आहे असे मात्र नव्हे, हे रिझर्व्ह बँकेनेच स्पष्ट केले आहे. मुलाने ‘आमचे ॲप यादीत नाही’ म्हटले तर एवढेच विचारा: मग सेबीचा किंवा रिझर्व्ह बँकेचा परवाना दाखव. परदेशातल्या कुठल्या बेटाचे प्रमाणपत्र पुढे आले तर ते इथे चालत नाही.

घरात असे काही चालले आहे का, हे आईला कसे कळावे? मुलाच्या यूपीआयच्या नोंदी पाहा. परवानगी असलेल्या दलालाकडे पैसे जातात तेव्हा दर वेळी त्याच कंपनीचे नाव दिसते. इथे सोमवारी एखाद्या किराणा दुकानाचे नाव, बुधवारी कोणा अनोळखी माणसाचे, शनिवारी तिसऱ्याचेच. ही भाड्याने घेतलेली खाती असतात. पैसे परत येतात तेही अशाच खात्यांतून, आणि त्यातले काही कोणा फसवल्या गेलेल्याचे असतील तर पोलीस ती साखळी धरत मुलाच्या खात्यापर्यंत येतात. खाते गोठते. ज्या खात्यात शिष्यवृत्ती किंवा वडिलांनी आखातातून पाठवलेला घरखर्च येतो, तेच गोठले तर काय होते ते सांगायला नको. जिंकणाऱ्याचीही यातून सुटका नाही.

टेलिग्रामवर ‘आजचा सिग्नल’ देणारे गुरुजी असतात, त्यांच्याविषयीही दोन शब्द. ६४० मुलांच्या दोन टोळ्या करा. निम्म्यांना सांगा वर जाईल, निम्म्यांना सांगा खाली. ज्यांचे बरोबर आले त्या ३२० जणांचे पुन्हा दोन भाग करा. असे पाच वेळा केले की वीस मुले अशी उरतात ज्यांना गुरुजींचा अंदाज पाचही वेळा बरोबर आलेला दिसला. ती वीस मुले आयुष्यभर शपथ घेऊन सांगतील की गुरुजींना कळते. शिवाय अशा लोकांना पुष्कळदा ॲपकडून वाटा मिळतो, आणि तो त्यांनी आणलेल्या मुलांनी गमावलेल्या पैशांतून ठरतो.

भिवंडीच्या भगिनींसाठी आता कामाचे. मुलाला ओरडण्याआधी त्याला मागच्या चार महिन्यांचे बँकेचे स्टेटमेंट काढायला सांगा आणि ॲपला गेलेली व आलेली रक्कम दोन रकान्यांत त्याच्याच हाताने लिहायला लावा. ॲपमधला आकडा धरू नका. बँकेत आलेलाच पैसा खरा. मग खात्यात शिल्लक असेल ती काढायला सांगा. मिळाली तर अल्हमदुलिल्लाह, ॲप काढून टाका. ‘आधी अमुक टक्के कर भरा, मग पैसे सोडू’ असे उत्तर आले तर एक रुपयाही भरू नका. भारतात आयकर असा ॲपकडे आगाऊ भरायचा नसतो. त्या संदेशाचे, यूपीआयच्या नोंदींचे आणि ॲपमधल्या शिल्लक रकमेचे फोटो काढून ठेवा आणि मग १९३० या क्रमांकावर किंवा cybercrime.gov.in वर तक्रार करा. ताज्या व्यवहाराची तक्रार त्याच दिवशी केली तर पैसे वाटेत अडवण्याची संधी असते. महिना उलटला की ती फार कमी होते. तक्रार केल्यानंतर काही दिवसांनी एखादा ‘वकील’ किंवा ‘सायबर अधिकारी’ फोन करून बुडालेले पैसे काढून देतो म्हणेल आणि त्यासाठी फी मागेल. फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात, आणि हा फोन बहुधा त्याच यादीवरून आलेला असतो.